स्वतःबद्दल बोलणाऱ्या वाक्यांवर बंदी घातली की प्रश्न सुटतो का?

सरळरेषा
‘हे वाक्य खोटं आहे.’ खरं मानलं तर खोटं ठरतं, खोटं मानलं तर खरं. यावर लोकांनी आयुष्यं घालवली याचं मला नवल वाटतं. स्वतःबद्दल बोलणारं वाक्य निरर्थक, एवढा एक नियम करा, विषय संपतो. जे जसं आहे तसं सांगणं म्हणजे सत्य. इतकी साधी गोष्ट असताना हा शब्दच्छल कशाला?

तिठा
हा नियम मी इतक्या वेळा ऐकलाय की आज सविस्तर लिहिते.

‘या वाक्यात पाच शब्द आहेत.’ मोजा. पाच आहेत. वाक्य स्वतःबद्दल बोलतंय आणि सरळ सरळ खरं आहे. ‘पाच’च्या जागी ‘सात’ घाला, तितकंच सरळ खोटं होईल. ज्याचा खरेखोटेपणा बोटांवर मोजून ठरतो ते निरर्थक कसं? तुमचा नियम निरपराध वाक्यांनाही उचलून नेतो.

उलट ज्यांना पकडायला हवं ती त्यातून सुटतात. एका कागदावर लिहा, ‘मागच्या बाजूचं वाक्य खरं आहे.’ मागे लिहा, ‘पुढच्या बाजूचं वाक्य खोटं आहे.’ दोन्हींपैकी एकही स्वतःबद्दल बोलत नाही, पेच मात्र तोच. मग तुम्ही म्हणाल, फिरून स्वतःकडे येणाऱ्यांवरही बंदी. पण फेरा आहे की नाही हे वाक्य वाचून कळतच नाही, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं.

आणि ‘जे जसं आहे तसं सांगणं म्हणजे सत्य’ हीच पेचाची मुळी आहे. ‘बर्फ पांढरा आहे’ हे वाक्य खरं, जर बर्फ पांढरा असेल तर आणि तरच. हे सूत्र प्रत्येक वाक्याला लावायचं, प्रत्येक वाक्य खरं किंवा खोटं यांपैकी एकच काहीतरी असणार, आणि हे सगळं आपण बोलतो त्याच भाषेत. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की विसंगती आलीच. तर्कशास्त्रज्ञ तार्स्कीने १९३०च्या दशकात हेच दाखवलं. त्यात छल कुठे आहे?

पंडितकाका
आपल्याकडे याला वदतोव्याघात म्हणतात आणि त्याचा निकाल कधीच लागलाय. ‘यावज्जीवमहं मौनी’, म्हणजे मी जन्मभर मौनी आहे असं बोलून सांगणारा बोलता क्षणीच खोटा पडतो. ग्रीकांच्या नावाने गळे काढण्याआधी आपलं घर बघावं.

अर्धविराम
आता कोणीतरी तर्कशास्त्रज्ञ गोडेलला आणणार आणि ‘म्हणून सत्य सापेक्ष असतं’ म्हणून मोकळं होणार. माझा एक नातेवाईक प्रत्येक वादात हे करतो. गोडेलच्या १९३१च्या वाक्यात ‘खोटं’ हा शब्दच नाही. ते म्हणतं, ‘मी या पद्धतीत सिद्ध होत नाही.’ पद्धत म्हणजे अंकगणिताची ठरलेली गृहीतकं आणि सिद्धतेचे नियम. त्यातून विसंगती निघत नाही. पद्धत सुसंगत असेल तर ते खरं आहे आणि तिथे सिद्ध होत नाही, इतकंच. यात सापेक्ष काय आलं? कृपया या धाग्यात तरी ते नको.

तिठा
अर्धविराम, मान्य. पण सरळरेषांच्या नियमाला खरा धक्का गोडेलकडूनच बसतो. त्याने वाक्यांना आकडे दिले, त्यामुळे आकड्यांबद्दलचं एक साधं विधान स्वतःच्याच आकड्याबद्दल बोलू लागलं. तिथे ‘हे वाक्य’ असे शब्द नाहीतच, आहेत फक्त बेरीज आणि गुणाकार. बंदी घालायची तर अंकगणितावर घालावी लागेल.

पंडितकाका, मौनी बुवांचं उदाहरण सुंदर आहे पण या पेचाचं नाही. ते विधान खोटं ठरतं आणि तिथेच थांबतं. ‘खोटं आहे’ म्हटल्यावर ते परत खरं होत नाही. ‘हे वाक्य खोटं आहे’ हे लबाडाचं वाक्य मात्र दोन्ही बाजूंनी उलटतं. क्रीटच्या माणसाने ‘सगळे क्रीटवासी कायम खोटं बोलतात’ म्हटलं, तेही मौनी बुवांसारखंच. दुसरा एखादा क्रीटवासी एकदा जरी खरं बोलला असेल तर ते निव्वळ खोटं, पेच नाही.

पंडितकाका
ताई, अर्धवट वाचून आम्हाला शिकवू नका. भर्तृहरीने वाक्यपदीयाच्या तिसऱ्या कांडात ‘सर्वं मिथ्या ब्रवीमि’ हेच वाक्य घेतलंय. मी बोलतो ते सगळं खोटं. तो म्हणतो, बोलणाऱ्याला ‘सगळं’ यात हे वाक्य धरायचंच नसतं, कारण तेही खोटं धरलं तर सांगायचा अर्थच पोचत नाही. पेच तिथेच संपला. पण आपलं म्हटलं की लोकांना ते कमीच वाटतं.

अर्धविराम
कमी कोणी म्हटलं? आधी तुम्ही वदतोव्याघात म्हणालात, आता विवक्षा, म्हणजे बोलणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते, पुढे करताय. ही दोन वेगळी उत्तरं आहेत. पहिल्यात वाक्य खोटं ठरतं, दुसऱ्यात ते स्वतःला लागूच होत नाही. एक काय ते धरा.

पंडितकाका
मला परीक्षेला बसवू नका. दोन्ही आपलीच आहेत.

जुना_दप्तरी
एवढे विद्वान जमलेत म्हणून माझं सांगतो. खोटं बोलणाऱ्यांमुळे मी भोगलंय. एका कार्यालयीन चौकशीत मी लेखनिक होतो. भांडारपालाने पाच कलमांचा जबाब दिला. पहिली चार नोंदवहीशी ताडली, दोन बरोबर निघाली, दोन चूक. लेखापालाने त्यावर एकच ओळ लिहून दिली होती, ‘भांडारपालांच्या जबाबातली निम्म्याहून अधिक कलमं खरी नाहीत.’ इकडे भांडारपालाला कोणीतरी सांगितलं की लेखापाल तुमच्याच बाजूने लिहितोय. त्याने न वाचताच पाचवं कलम जोडलं, ‘लेखापालांनी माझ्या जबाबाबद्दल लिहिलंय ते खरं आहे.’ अधिकाऱ्यांनी मला विचारलं, लेखापाल खरा की खोटा? मला सांगता येईना. फाइल पडून राहिली आणि उशिराचा ठपका माझ्यावर आला. खोट्या जबाबाला कडक शिक्षा असती तर ही वेळच आली नसती.

तिठा
दप्तरीकाका, शिक्षेने काही झालं नसतं. तुम्हाला सांगता आलं नाही कारण उत्तरच नव्हतं. ठपका साफ चुकीचा होता.

लेखापाल खरा धरा. मग पाचवं कलम खरं. आधीची दोन खरी, म्हणजे पाचांत तीन खरी. निम्म्याहून अधिक खरी निघाली, तर लेखापाल खोटा. आता तो खोटा धरा. मग पाचवं कलम खोटं, आधीची दोन खोटी, एकूण तीन खोटी. म्हणजे लेखापाल म्हणाला तेच झालं, तो खरा. हा लबाडाचाच पेच आहे, आणि दोघांपैकी एकानेही ‘हे वाक्य’ म्हटलेलं नाही.

आता एकच बदल करा. नोंदवहीत एक तारीख वेगळी निघाली आणि चारांतली तीन कलमं बरोबर ठरली. मग पाचवं कसंही असो, न-खरी कलमं जास्तीत जास्त दोन. लेखापाल खोटा, पाचवं कलमही खोटं, प्रश्न मिटला. वाक्यं तीच, व्याकरण तेच, बोलणारेही तेच. पेच आहे की नाही हे ठरवलं नोंदवहीतल्या तारखेने. सरळरेषा, तुमचा नियम ही तारीख कुठून वाचणार? तत्त्वज्ञ सॉल क्रिप्केने १९७५च्या लेखात असंच उदाहरण घेऊन दाखवलं की वाक्याच्या अंगात असा कुठलाच दोष नसतो जो आधी हुडकून बाजूला काढता येईल.

पंडितकाका, भर्तृहरीचं उत्तर मला खरोखर आवडतं. पण इथे विवक्षा स्वच्छ आहे. भांडारपालाला लेखापालाच्याच ओळीबद्दल बोलायचं होतं, लेखापालाला पूर्ण जबाबाबद्दल. दोघांच्या मनात जे होतं तेच धरलं तरी गाठ बसते.

पंडितकाका
तुमच्या जबाबाला ते लागू नाही, एवढंच मान्य. ‘सर्वं मिथ्या’ला लागू आहे, हे तुम्हीही मान्य करा.

तिठा
तिथे लागू आहे. केलं मान्य.

सरळरेषा
बंदीचा नियम टिकत नाही, ठीक आहे. तारखेचा मुद्दा मला खोडता येत नाही. पण अधिकाऱ्याला इतकं तर म्हणता येईल ना, की लेखापालाची ओळ आणि पाचवं कलम ही दोन्ही ना खरी ना खोटी? एकमेकांकडे बोट दाखवतात, वस्तुस्थितीपर्यंत पोचतच नाहीत. एवढं म्हटलं की झालं.

तिठा
हे उत्तर चांगलं आहे आणि क्रिप्केच्या जवळचं आहे. तो तळापासून सुरुवात करतो. आधी नोंदवहीशी ताडता येणारी कलमं खरी-खोटी ठरवायची, मग त्यांच्याबद्दल बोलणारी, मग त्यांच्यावरची. असं चढत गेलं की काही वाक्यं कुठल्याच पायरीवर ठरत नाहीत. ही दोन त्यांतली.

पण तुमचा निकाल अहवालात लिहून बघा. पाचवं कलम ना खरं ना खोटं, म्हणजे ते खरं नाही. आधीची दोन खोटी, म्हणजे तीही खरी नाहीत. पाचांत तीन कलमं खरी नाहीत. आणि लेखापालाची ओळ काय होती? ‘निम्म्याहून अधिक कलमं खरी नाहीत.’ त्याने ‘खोटी आहेत’ असं लिहिलेलं नाही. म्हणजे तो बरोबर निघाला, मग पाचवं कलम खरं, आणि आपण पुन्हा पहिल्या जागी. ‘ना खरं ना खोटं’ असा तिसरा रकाना आखला की पेच त्या रकान्यासकट परत येतो.

सरळरेषा
मग अहवालात जे खरंच आहे तेच लिहायचं नाही? हे मला पटत नाही. वस्तुस्थिती अशी आहे की ती दोन विधानं खरी नाहीत, आणि तुम्ही मला ते बोलू देत नाही.

तिठा
बोला, पण त्या जबाबांच्या भाषेत बोलता येणार नाही. तुमच्या अहवालातलं ‘खरं’ एक पायरी वर ठेवावं लागेल, लेखापालाच्या ‘खरं’पेक्षा वेगळं. तार्स्कीची भाषांची उतरंड हीच. क्रिप्केने ती टाळायचा प्रयत्न केला, पण स्वतःचा निष्कर्ष सांगताना त्यालाही वर चढावं लागलं आणि त्याने तसं कबूल केलं. अडचण ही की लेखापालाने कोणत्या पायरीवरचं ‘खरं’ वापरलं? तो भांडारपालाच्या वर हवा आणि भांडारपाल त्याच्या वर हवा. जबाब लिहिताना दोघांनाही पायरी ठाऊक नसते.

ग्रॅहम प्रीस्टसारखे लोक म्हणतात, ही वाक्यं खरी आणि खोटी दोन्ही आहेत, तेवढं पचवा. त्यासाठी ‘एका विसंगतीतून काहीही सिद्ध होतं’ हा नियम सोडावा लागतो. मला ते जड जातं. उतरंड अवघड असली तरी मी तिच्याच बाजूला आहे.

अर्धविराम
माझा कल प्रीस्टकडे. उतरंडीत ‘खरं’ या एका शब्दाचे असंख्य शब्द होतात आणि बोलताना कोणालाच ते जाणवत नाहीत, हे मला जास्त अविश्वसनीय वाटतं.

जुना_दप्तरी
मला शेवटचं नीट कळलं नाही. अधिकाऱ्यांनी काय लिहायला हवं होतं ते सांगा.

तिठा
चार कलमांचा निकाल लिहायचा, दोन बरोबर, दोन चूक. पाचव्या कलमाच्या आणि लेखापालाच्या ओळीच्या खरेखोटेपणावर काहीच शेरा मारायचा नाही. ती दोन ताडायला नोंदवहीत जागाच नव्हती.

सरळरेषा
‘शेरा मारायचा नाही’ म्हणजे सुटलं नाही. मी ‘खरं’चे तुकडे करायला तयार नाही आणि प्रीस्टचंही घेणार नाही. लेखापालाच्या ओळीत ‘निम्म्याहून अधिक’ कशातून मोजायचे, तिथेच काहीतरी चुकतंय. ज्या कलमाचा निकाल त्याच ओळीवर टांगलेला आहे ते मोजणीत धरायचं का? यावर लिहितो.