मदत हवी आहे : लग्नकार्यानंतर झोपेची वेळ पार उलटली आहे, सोमवारपर्यंत कशी सावरू?

शेवंती
दिराचं लग्न झालं. हळद, संगीत, सीमांतपूजन, लग्न, मग पूजा आणि जागरण-गोंधळ, वर घरभर पाहुणे. आता सगळे गेलेत, पण झोप रात्री अडीचच्या आधी लागत नाही आणि सकाळी साडेनऊशिवाय डोळा उघडत नाही. दहा वाजता दिवे मालवून पडते, अडीचपर्यंत नुसती कूस बदलत राहते. दुपारी मात्र दोन तास गाढ झोप. सोमवारपासून मुलीची शाळा आणि माझं ऑफिस. सहाला उठायचंय. आज गुरुवार. पुण्यात राहतो. काय करू?

सह्यकडा
सोपं आहे. एक रात्र अजिबात झोपू नका. दुसऱ्या दिवशी नऊला आडवं व्हा, गाडी रुळावर. झोपायच्या दीड तास आधी कोमट पाण्यानं अंघोळ करा आणि चहा बंद.

घाटमाथा
सह्यकडा, अंघोळीचं अगदी बरोबर. कोमट पाण्याने हातापायांचं रक्ताभिसरण वाढतं, मग शरीर आतून थंड होत जातं आणि झोप लवकर येते. दीड तास आधी हेही योग्यच. जागरणाचा उपाय मात्र करू नका. रात्रभर जागल्यावर थकव्याने नऊला झोप लागेलही, पण शरीराचं घड्याळ अडीचवरच राहतं. मग पहाटे तीनला टक्क जाग येते किंवा पुढच्या रात्री पहिले पाढे पंचावन्न. शिवाय त्या दिवशी दुचाकी चालवणं धोक्याचं.

शेवंतीताई, दहाला पडून झोप न येण्यात तुमचं काही चुकत नाहीये. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीर सर्वांत जागं असतं. तुमची झोपेची वेळ सध्या अडीच झाली आहे, म्हणजे दीडपर्यंत तुम्ही कितीही प्रयत्न केलात तरी उपयोग नाही. उलट, अंथरुणात जागं पडून राहायची सवय लागते आणि ती पाहुणे गेल्यानंतरही महिनोन्महिने सुटत नाही. म्हणून झोपण्याची वेळ आधी ओढायची नाही. आधी उठण्याची वेळ ओढायची, रात्रीची आपोआप मागून येते.

उद्या साडेआठला उठा. शनिवारी सात चाळीस, रविवारी सहा पन्नास, सोमवारी सहा. रोज साधारण पन्नास मिनिटं. याहून जास्त ओढलं तर घड्याळ मागे पडतं. उठल्यावर पंधरा मिनिटांत गच्चीवर किंवा रस्त्यावर जा आणि अर्धा तास उघड्या उजेडात थांबा. गॉगल नको, सूर्याकडे बघायचं नाही. चहाचा कप हातात घेऊन उभं राहिलात तरी चालेल. खिडकीपाशी बसणं आणि बाहेर असणं यात फार फरक आहे. घरात ट्यूबलाइटखाली दोन-तीनशे लक्स उजेड असतो, ढगाळ सकाळी बाहेरही काही हजार.

रात्री शुक्रवारी दीड, शनिवारी पाऊण, रविवारी पावणेबारा, सोमवारी अकरा, याआधी पाठ टेकायची नाही. ती वेळ झाली तरी डोळे जड नसतील तर थांबा. अंदाजे वीस मिनिटं झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, घड्याळ बघू नका. नऊनंतर हॉलची मोठी ट्यूब बंद, एखादा लहान दिवा पुरे.

शेवंती
इतकं सविस्तर! पण उद्याच सहाला उठले तर चार दिवस वाचतील ना? आणि दुपारचं काय? दोनला तर डोळे मिटतातच.

घाटमाथा
उद्याच सहाला उठण्यात एक खोच आहे. साडेनऊला उठणाऱ्याच्या शरीराचं तापमान पहाटे साधारण सातला सर्वांत खाली असतं. त्या बिंदूनंतरचा उजेड घड्याळ लवकरकडे ढकलतो, आधीचा उजेड उशिराकडे. उद्या सहाला उठून झगझगीत दिव्याखाली डबा करायला लागलात तर रात्री झोप आणखी लांबेल. नाइलाजच असेल तर साडेसातपर्यंत मंद दिवा ठेवा आणि मग बाहेर पडा. रोज थोडं थोडं सरकवत आणलं तर तो बिंदूही मागे येतो, त्यामुळे सोमवारी ही अडचण उरत नाही. डिसेंबरात पुण्यात सूर्योदय सातच्या सुमारास होतो, तेव्हा सोमवारी सहाला उठा, मुलीला बसमध्ये बसवा आणि तिथूनच अर्धा तास चाला.

दुपारी झोप आवरत नसेल तर वीस मिनिटं, तीनच्या आत, गजर लावून आणि खुर्चीत. पलंगावर पडलात की त्याचे दोन तास होतात आणि रात्रीची भूक दुपारीच भागते. चहा-कॉफी दोनपर्यंत. सह्यकडांनी चहा बंद सांगितलाय, पण सकाळच्या चहाने काही बिघडत नाही. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफीन अकराच्या सुमारास अजून शरीरात असतं, खरी अडचण ती आहे. रविवारी दुपारपर्यंत डोकं जड राहील. तिथेच बहुतेक जण 'आज सुट्टी आहे, झोपू' म्हणतात आणि सगळं मागे जातं.

पाणकोंबडी
मलाही हेच होतंय. फ्लूनंतर ताप जाऊन चार दिवस झाले, दिवसभर झोपतो आणि रात्री जागा. मीही उद्या साडेआठला उठू का?

घाटमाथा
नको, तुमचं प्रकरण वेगळं आहे. आजारानंतर शरीर झोप मागतं, ती कापू नका. अशक्तपणा ओसरेपर्यंत दिवसाही झोपा, फक्त शक्यतो तीननंतर नको, आणि दिवसा खोलीत भरपूर उजेड ठेवा. औषधांकडेही बघा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी दिवसा गुंगी येते. स्टेरॉइडची गोळी संध्याकाळी घेत असाल तर रात्री झोप उडते. डोस स्वतः बदलू नका, ती सकाळी घेता येईल का ते डॉक्टरांना विचारा.

सह्यकडा
मेलाटोनिनच्या गोळ्या मिळतात ना सरळ? चार दिवसांचा खटाटोप कशाला?

घाटमाथा
मिळतात, पण त्यात वेळेला महत्त्व आहे. घड्याळ मागे आणायचं तर थोडी मात्रा झोपेच्या काही तास आधी लागते. लोक झोपताना घेतात आणि मग उपयोग नाही म्हणतात. शेवंतीताईंना चार दिवसांसाठी गरज वाटत नाही. घ्यायचीच तर डॉक्टरांना विचारून.

शेवंती
शेवटचा प्रश्न. सासरे ७२ वर्षांचे. त्यांचं उलटंच झालंय. लग्नानंतर रात्री आठलाच डुलक्या, साडेतीनला टक्क जागे. त्यांनाही सकाळचा उजेड द्यायचा का?

घाटमाथा
पहाटेचा नको, त्याने ते आणखी लवकर उठतील. संध्याकाळी पाच-साडेपाचला उजेड असेपर्यंत बाहेर चालवा आणि आठनंतर हॉलमध्ये मोठा दिवा चालू ठेवून त्यांना गप्पांत गुंतवा. पण आधी सांगा, साडेतीनला ते लघवीसाठी उठतात का?

शेवंती
हो, दोनदा तरी. रक्तदाबाची गोळी लग्नाच्या गडबडीत सकाळी राहून जायची, म्हणून तेव्हापासून रात्री जेवणानंतर घेतात.

घाटमाथा
मग उजेडाचं राहू द्या. त्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर जाग त्यामुळेच येत असेल. नसेल तर कारण दुसरं शोधावं लागेल, या वयात प्रोस्टेट आणि साखर दोन्ही बघतात. गोळीच्या पाकिटाचा फोटो घेऊन डॉक्टरांना दाखवा आणि वेळ पुन्हा सकाळी आणायची का ते त्यांनाच ठरवू द्या. मधल्या काळात संध्याकाळी सातनंतर पाणी थोडं कमी, जेवताना ताक नको.