अनुभव धागा : एचबीएवनसी सारखे, पण दिवसभराची साखर वेगळी

धागा सुरू करणाऱ्या, नाशिक
माझ्या यजमानांचे आणि धाकट्या दिरांचे एचबीएवनसी, म्हणजे सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, एकाच प्रयोगशाळेत ७.० आले, तेव्हा घरात दोघांनाही शाबासकी मिळाली. नंतर दोघांनी दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर लावला. दोघांचीही सरासरी साखर १५४च्या आसपास निघाली, परंतु यजमानांचा आलेख ११० ते २०० यांच्यामध्ये संथपणे फिरत होता, तर दिरांचा न्याहारीनंतर २८०च्या वर जाऊन दुपारी जेवणाआधी ६०च्या खाली येत होता. त्यांना साडेबाराच्या सुमारास घाम फुटतो आणि चिडचिड होते. ती आम्ही स्वभावाच्या खात्यावर टाकत आलो होतो. दिरांना सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी आहे, यजमानांना केवळ मेटफॉर्मिन. असा फरक आणखी कोणी पाहिला असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

मधुमेह समुपदेशक, पुणे
ताई, तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्या काळात रक्तात जितकी साखर असेल तितकी हिमोग्लोबिनला चिकटत जाते. त्यामुळे या तपासणीत एकूण जमा दिसते. ती कोणत्या वाटेने झाली, हे दिसत नाही. न्याहारीनंतरचे २८० आणि दुपारचे ६० एकमेकांची भरपाई करतात आणि अहवाल नीटस दिसतो.

सेन्सरच्या अहवालात सरासरीच्या जवळच प्रमाण विचलन दिलेले असते. त्याला सरासरीने भागून शंभराने गुणावे. यजमानांचे विचलन २८ असेल तर उत्तर सुमारे १८ टक्के येते. दिरांचे ६५ असेल तर ४२. सध्या ३६ टक्क्यांपर्यंतचा चढउतार स्थिर मानतात. त्यापुढे साखर धोकादायकरीत्या उतरण्याची शक्यता वाढते, विशेषतः इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि जेवण लांबले तरी तिचे काम थांबत नाही. मग साखर उतरते, माणूस घाबरून बिस्किटांचा अर्धा पुडा संपवतो आणि आलेख पुन्हा वर जातो. गोळी मनाने बंद करू नये. आलेख आणि जेवणाच्या वेळा डॉक्टरांना एकत्र दाखवाव्यात.

निवृत्त अभियंता, ठाणे
याचा अर्थ एचबीएवनसी निरुपयोगी आहे. डोळे आणि मूत्रपिंड चढउतारांनीच बिघडतात, सरासरीने नव्हे. मी ती तपासणी बंदच केली आहे.

मधुमेह समुपदेशक, पुणे
काका, अर्धे मान्य. टाइप १च्या रुग्णांवरील अमेरिकेतील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९३मध्ये आले, आणि सरासरी साखर उतरवली की डोळे, मूत्रपिंडे व नसांचे नुकसान घटते, हे त्यातून स्पष्ट झाले. सरासरी तीच असताना केवळ चढउतारांमुळे किती जास्त नुकसान होते, यावर तज्ज्ञांमध्ये अजून एकमत नाही. तपासणी चालू ठेवावी, एवढेच म्हणेन.

गृहिणी, चंद्रपूर
माझी अडचण निराळी आहे. बोटाच्या तपासणीत साखर नेहमी बरी येत असे आणि एचबीएवनसी मात्र ६.८. डॉक्टरांनी लोह तपासले, ते फार कमी निघाले. लोहाच्या गोळ्यांनंतर आकडा उतरला. हेच चढउतार का?

मधुमेह समुपदेशक, पुणे
नाही, येथे मोजमापच फसले होते. लोहाच्या कमतरतेत हा आकडा खोटा चढू शकतो. तुमच्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्या पेशी लवकर मोडत असल्याने तो खोटा उतरू शकतो. म्हणून दोघांचे आकडे ताडून पाहण्याआधी दोघांचेही रक्त ठीक आहे ना, हे पाहावे लागते.

टाइप १ असलेल्या मुलीचे वडील, बंगळुरू
सेन्सरवरही आंधळा विश्वास ठेवू नये. मुलगी सेन्सरच्या कुशीवर झोपली की मध्यरात्री ५५चा इशारा येतो, बोटातून पाहावे तर ९५. दाबामुळे हे घडते. शिवाय सेन्सर कातडीखालच्या द्रवातील साखर मोजतो, त्यामुळे साखर वेगाने बदलत असताना तो काही मिनिटे मागे राहतो. आमच्याकडे कुशीवरच्या अशा घसरणी वहीत वेगळ्या लिहितात. नाहीतर चढउताराचे प्रमाण विनाकारण फुगते.

धागा सुरू करणाऱ्या, नाशिक
आपल्या सांगण्यावरून दिरांची साखर बोटातून पाहिली. पहाटेची घसरण खोटी निघाली, दुपारची मात्र खरी, ५८. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडची मात्रा निम्मी केली असून जेवण साडेबारालाच घ्यायला सांगितले आहे. दुपारची घसरण थांबली आहे, परंतु पोहे खाल्ल्यानंतरचा चढ जवळजवळ तसाच आहे. डॉक्टर न्याहारीसोबत जेवणानंतरचा चढ कमी करणारी व्होग्लिबोजची गोळी सुचवत आहेत, तर दीर म्हणतात की आधी पोहे कमी करून सोबत उसळ घेऊन पाहतो. या दोहोंपैकी कशाने तो चढ बोथट झाला, हे सेन्सरवर पाहिलेल्यांनी कळवावे.