उत्तर: दिव्यांची लुकलुक

> गाडी थांबलेली असतानाही दिवा पिवळा-लाल लुकलुकत राहतो. सरासरी काढूनही फरक नाही. सेन्सर बदलू का?

गॅरेजच्या भिंतीवरून प्रतिध्वनीने गाडीचं अंतर मोजून पिवळा-लाल दिवा लावणारा हा सेन्सर बदलू नका. सरासरीने हे जाणार नाही, कारण गाडी नेमकी सीमेवर उभी आहे. लाल ४० सेंमीला लागत असेल आणि मोजमाप ३९.६ ते ४०.३ असं हलत असेल, तर दिवा नाचणारच. दोन वेगळ्या सीमा ठेवा: ४० च्या आत लाल, पण परत पिवळा व्हायला ४५ ओलांडावे लागतील. शिवाय एखादा भलताच प्रतिध्वनी सरासरीलाही ओढून नेतो. त्यापेक्षा पाच मोजमापं क्रमाने लावून मधलं घ्या.

अरुंद गॅरेजची खरी गोम मात्र वेगळीच. ध्वनीचा झोत सरळ रेषेत जात नाही, पसरतो. दोन्ही बाजूंना १५ अंश धरले तर २ मीटरवर तो मीटरभर रुंद होतो. मग भिंतीलगतची शिडी गाडीच्या आधी प्रतिध्वनी देते. ओळखायचं कसं? गाडी बाहेर काढा. तरीही समोरच्या दारापेक्षा बरंच कमी अंतर दिसलं, तर मध्ये काहीतरी आहे. सेन्सर नंबरप्लेटच्या उंचीवर, मधोमध बसवा. उतरतं बॉनेट ध्वनी वरच्या वर उडवून लावतं.