मदत हवी आहे: पाईलवरच्या भरावात कॅपच्या जागी उंचवटे दिसताहेत, आर्चिंग झालेलं नाही का?

खाडीकाठ:
पुलाच्या ॲप्रोचचा भराव आहे. खाली मऊ मरीन क्ले, त्यातून खडकापर्यंत नेलेले पाईल. पाईल 2.5 मीटरच्या चौरस जाळीत आहेत आणि प्रत्येकावर 0.8 मीटर चौरस कॅप आहे. कॅपवर थेट जिओग्रिडचे दोन थर, एकमेकांना काटकोनात. त्यावर मुरमाचा भराव, एकूण उंची 1.8 मीटर. रस्त्याचे थर अजून घातलेले नाहीत.

पावसाळा संपल्यावर लेव्हल घेतली, तर कॅपच्या डोक्यावर उंचवटे आणि मध्ये खळगे असा नकाशा निघाला. फरक 25 ते 30 मिलिमीटर. बीएस 8006 वरून केलेल्या डिझाइन शीटमध्ये जिओग्रिडवरचा भार WT 81 किलोन्यूटन प्रति मीटर आहे, लोड फॅक्टर न लावता. मातीचं वजन 19 आणि वाहतुकीचा भार 20 धरलाय. ठेकेदार म्हणतो, वर आणखी एक जिओग्रिड टाका आणि पुढे चला. तेवढ्याने भागेल का?

रोलरवाला:
आर्चिंग नक्की झालंय. दोन कॅपमधलं मोकळं अंतर 1.7 मीटर आणि भराव 1.8, म्हणजे कमान बसायला जागा आहे. एकदा कमान धरली की ती तशीच राहते. 30 मिलिमीटर हे दबाई कमी पडल्याचं लक्षण वाटतं. व्हायब्रो रोलरचे चार-सहा पास जास्त मारा आणि वरचा थर लेव्हलला आणा.

पायाभरणी:
मरीन क्ले असेल तर पीव्हीडी आणि सरचार्ज का नाही केला? आमच्या गोदामाच्या प्लॉटवर तेच केलं होतं. आधी क्ले बसू द्यायची, मग बांधकाम.

खाडीकाठ:
@पायाभरणी, पाईल आणि कॅप आधीच झालेत. क्ले बसवायला थांबायचं नव्हतं म्हणूनच पाईल घेतले होते.

भारवाही:
रोलरवाला, कमानीला जागा हवी हे बरोबर, पण मोजायचं अंतर तुम्ही चुकवताय. कमानी फक्त शेजारच्या दोन कॅपमध्ये धरत नाहीत. चार कॅपच्या मधोमध घुमट धरतो आणि त्याचा मोठा व्यास कर्णावर असतो. ह्युलेट आणि रँडॉल्फ यांच्या 1988 च्या मांडणीत घुमटाची बाहेरची उंची पाईलच्या अंतराला √2 ने भागून येते, म्हणजे 2.5 मीटरला 1.77 मीटर. तुमचा भराव 1.8. घुमटाचा माथा जवळजवळ पृष्ठभागालाच टेकलाय, त्याला वरून दाबून धरायला माती उरलेलीच नाही. बीएस 8006 सुद्धा तेच सांगतं: पूर्ण आर्चिंगला मोकळ्या अंतराच्या 1.4 पट उंची लागते, इथे 1.4 × 1.7 = 2.38 मीटर. 0.7 पटीच्या, म्हणजे 1.19 च्या वर तुम्ही आहात, तेव्हा आर्चिंग आहे, पण अर्धवट. अर्धवट आर्चिंगमध्ये खालचा फरक वर उमटतो. तुम्हाला दिसतंय ते हेच.

"एकदा धरली की राहते" हेही पटत नाही. कॅपमधली माती कॅपच्या तुलनेत थोडी खचते तेव्हाच भार कॅपकडे वळतो. कमी उंचीच्या भरावात वाहतुकीचा सततचा हादरा ती घडण सैल करतो.

आता शीट. WT चे 81 हे पूर्ण आर्चिंगच्या सूत्रातूनच येतात, आणि त्या सूत्रात वाहतुकीचा भार धरलेलाच नसतो. तुमच्या उंचीला दुसरं सूत्र लागतं; त्यात s पाईलचं अंतर, a कॅपची रुंदी, H भरावाची उंची, γ मातीचं वजन, w वाहतुकीचा भार आणि ε जिओग्रिडचा ताण:

```
Cc   = 1.95 H/a - 0.18 = 4.21
pc/σ = (Cc a/H)^2      = 3.50
WT   = s (γH + w) / (s² - a²) × [s² - a² (pc/σ)]
     = 2.5 × 54.2 / 5.61 × 4.01 = 97 kN/m
Trp  = WT (s - a) / 2a × sqrt(1 + 1/(6ε))
```

ताण 5 टक्के धरला तर जिओग्रिडमधलं खेच-बल 81 वर सुमारे 179 येतं आणि 97 वर सुमारे 214. निवड 179 वर झाली असेल तर ग्रिड सुमारे सोळा टक्के कमी पडते. लोड फॅक्टर दोन्हीकडे वेगळे लावायचेत.

रोलरवाला:
कर्णाचा मुद्दा मान्य. मग वर एक ग्रिड वाढवली तर ती सोळा टक्क्यांची तूट भरून निघेल ना?

भारवाही:
नाही. ग्रिड झोळीसारखी लोंबली तरच भार उचलते. 5 टक्के ताणाला 1.7 मीटरच्या अंतरात मधला झोल जवळजवळ 23 सेंटीमीटर लागतो, 3 टक्क्यांना 18. वरच्या पातळीवर सध्या फरक 3 सेंटीमीटरचा आहे. तिथली ग्रिड इतक्यात फारसं काही घेणार नाही, आणि घ्यायला लागेल तोवर रस्ता बिघडलेला असेल. खालची क्ले अजून बराच भार परस्पर उचलत असावी असा माझा अंदाज. ती बसत जाईल तसा झोल वाढेल.

खडीमापे:
मला जास्त खटकलं ते मुरूम आणि "कॅपवर थेट" ग्रिड. भारवाहींनी दिलेल्या सूत्रात मातीचा घर्षणकोन कुठेच नाही, हे बघा. शीटला मुरूम आणि खडी सारखीच दिसते, जमिनीला नाही. घुमट ज्या थरात धरायचा तो लोड ट्रान्सफर प्लॅटफॉर्म दळदार, टोकदार, नीट ग्रेड केलेल्या खडीचा हवा. त्यातून पाणी निघून जातं आणि घर्षण टिकतं. चिकणमाती असलेला मुरूम पावसात भिजला की घर्षण उतरतं. पावसाळ्यानंतर उंचवटे दिसले यात मला आश्चर्य वाटत नाही.

दुसरं म्हणजे ग्रिड आणि काँक्रीट यांच्यात 100 ते 150 मिलिमीटर खडी-वाळूची गादी लागते. ग्रिडचा झोल कॅपच्या कडेवरच वाकतो, सगळ्यात जास्त ताण तिथे असतो आणि धारदार कोपरा दोऱ्या कापतो. पहिल्या थरावर व्हायब्रो फिरवला असेल तर हे आधीच घडलेलं असू शकतं. म्हणून आता जास्तीचे पास मारायचा सल्ला मी देणार नाही.

आधी हे करा. एका चौकटीत 0.5 मीटरवर लेव्हल घ्या: कॅपवर, दोन कॅपच्या मध्ये आणि चार कॅपच्या मधोमध. महिन्याभराने पुन्हा त्याच खुणांवर. सगळ्यात खोल बिंदू मधोमध असेल आणि वाढत असेल तर प्रश्न आर्चिंगचा. खळगे कसेही विखुरलेले असतील तर दबाईचा. सोबत एका कॅपच्या कडेपासून मधोमधपर्यंत चर हाताने खणा. झोल मोजा, कडेवरच्या दोऱ्या तपासा, मुरमाचा नमुना घ्या.

उताराकडे:
भरावाच्या कडेचं कुणी विचारलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे मधला भाग ठीक होता, पण कडेला रस्त्याच्या लांबीने भेगा आल्या. शेवटची पाईल-ओळ उताराच्या बरीच आत होती, आणि आडवी ग्रिड कडेच्या कॅपच्या बाहेर पुरेशी गेलेली नव्हती. तुमच्या जोडणीत तो आडवा रेटा कोण घेतंय? तो वरच्या 214 मध्ये नाही, त्यात मिळवायचा असतो.

खाडीकाठ:
आडव्या ग्रिडचं ड्रॉइंग बघतो. रस्त्याची वरची पातळी पुलाला बांधलेली आहे, 2.4 मीटर भराव शक्य नाही. मग उपाय काय?

भारवाही:
पातळी वाढत नसेल तर मोकळं अंतर कमी करा. कॅप 1.2 मीटरचे केले तर अंतर 1.3 आणि लागणारी उंची 1.82. तुमचा 1.8 त्याच्या जवळ येतो, फक्त 2 सेंटीमीटर कमी पडतो. त्यासाठी भराव टप्प्याटप्प्याने काढून जुन्या कॅपवर काँक्रीट वाढवावं लागेल, आणि वाढीव कड पाईलच्या डोक्यावर वाकवणारा भार आणते, ते तपासायला हवं. कॅपवर सलग आरसीसी स्लॅब हा दुसरा मार्ग. महाग, पण मग आर्चिंगवर अवलंबून राहायला नको.

खडीमापे:
मी स्लॅबच्या आधी खडीचा प्लॅटफॉर्म आणि वाढीव कॅप यांचा हिशोब बघेन. घर्षणकोन धरणारी पद्धत वापरा, जर्मन ईबीजीईओ किंवा डच सीयूआर 226.

भारवाही:
1.8 मीटर उंची आणि थेट वाहतूक, यात मला तो पर्याय पुरेसा वाटत नाही. चर खणल्यावर झोल किती निघतो ते इथे टाका.