सांबारवडी की कोथिंबीर वडी? व्हिडिओच्या शीर्षकात कोणता शब्द घालावा

आर्वीची वहिनी
माझे दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं ऑकलंडला असतात. दिवाळीनंतर इकडे आले की प्रवासाचे, गावाचे व्हिडिओ करतात. चित्रण आणि जोडणी त्यांची. शीर्षक, वर्णन, टॅग, ठिकाण वगैरे सगळं मी इथून भरते, कारण इकडचे शब्द मला ठाऊक आहेत असं त्यांना वाटतं.

या वेळी आर्वी तालुक्यातल्या आमच्या शेतातला बेत आहे. चुलीवर सांबारवडी आणि कढी. मी शीर्षक असं केलं होतं: «गावाकडची सांबारवडी, अस्सल वऱ्हाडी जेवण». जाऊबाईंचं म्हणणं, पुण्या-मुंबईकडचे आणि परदेशातले लोक 'सांबार' म्हणजे इडलीबरोबरचं सांबार समजतील, तेव्हा 'कोथिंबीर वडी' लिही. मागच्या वर्षीच्या व्हिडिओखाली तिकडच्या एका मुलीने खरंच विचारलं होतं, "यात सांबार कुठे आहे?" तुम्ही कोणता शब्द ठेवाल? आणि दुसरा शब्द कुठे टाकाल?

विदाप्रेमी
शीर्षक, वर्णन, टॅग म्हणजे मेटाडेटा; त्याला मराठीत काय म्हणावं हा विषय यावरून निघाला हे फार बरं झालं. डेटासाठी 'विदा' आता बराच रुळला आहे, तेव्हा 'अधिविदा' घ्यायला हरकत नाही. 'माहितीविषयक माहिती' हे लांबलचक होतं.

आर्वीची वहिनी
दादा, माझा प्रश्न त्या शब्दाचा नाही, त्या रकान्यांत काय लिहायचं याचा आहे. तुमचा शब्द मात्र टिपून ठेवला.

परतवाड्याचे काका
वैनी, सांबार म्हन्जे सांबारच. आमच्या इकडे बजारात कोथिंबीर म्हनून मांगतली त भाजीवाला पाह्यते तुमच्याकडे. जे खाता तेच लिवा. परदेशातल्या लेकराईले तरी कसं समजन का आपल्याकडे याले सांबार म्हन्तात?

सातारकर
यात वादच नको. शीर्षकात एक शब्द लिहा, बाकीचे सगळे टॅगमध्ये भरा: कोथिंबीर वडी, सांबार वडी, सांबारवडी, kothimbir vadi, sambar vadi, सगळं. वर्णनाच्या तळाशीही तीच यादी चिकटवा. शोध टॅगवरच चालतो.

सबटायटलवाला
मी नागपूरला काही चॅनलांची मथळे-उपशीर्षकं करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सातारकर, टॅगमध्ये चुकीची किंवा वेगळी स्पेलिंग टाकावीत हे बरोबर आहे. यूट्यूब स्वतःच सांगतं की टॅगचा उपयोग मुख्यतः तेवढाच, एरवी व्हिडिओ सापडण्यात त्यांचा वाटा अगदी थोडा. टॅगच्या रकान्याला एकूण 500 अक्षरांची मर्यादा आहे, ती भरलीच पाहिजे असं काही नाही. पण वर्णनाच्या तळाशी शब्दांची यादी चिकटवू नका. वर्णनात टॅगचा ढीग घालणं नियमांत बसत नाही आणि त्यावरून व्हिडिओ काढलाही जाऊ शकतो. हॅशटॅगचंही तसंच: एका व्हिडिओवर 60 पेक्षा जास्त झाले की सगळेच दुर्लक्षित होतात.

आता मूळ प्रश्न. वहिनी, तुमच्या व्हिडिओतली वडी कशी आहे? बेसनाच्या पिठात कोथिंबीर मळून, उंडा वाफवून, कापून तळलेली? की पारी लाटून, आत सारण भरून?

आर्वीची वहिनी
पारीचीच. बेसनात थोडी कणीक, तिखट-हळद घालून पारी लाटायची. तिला चिंचेचं पाणी आणि मसाला लावायचा. आत चिरलेला सांबार, खसखस, सुकं खोबरं. मग पुडीसारखी दुमडून तळायची.

सबटायटलवाला
मग 'कोथिंबीर वडी' हा त्याचा प्रतिशब्दच नाही. पश्चिम महाराष्ट्रात कोथिंबीर वडी म्हटलं की वाफवून कापलेली चौकोनी वडी डोळ्यांपुढे येते. ती शोधत आलेला माणूस तुमच्या व्हिडिओत पारी लाटताना पाहील आणि निघून जाईल. ही गळती तुम्हाला दिसते: त्या व्हिडिओच्या विश्लेषणात प्रेक्षक किती वेळ टिकले याचा आलेख असतो. सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात तो उभा खाली कोसळला तर बहुतेक वेळा शीर्षकाने किंवा लघुचित्राने एक कबूल केलेलं असतं आणि आत दुसरंच निघालेलं असतं.

तुमच्या वडीला इकडे आणखी एक नाव आहे, पुडाची वडी. ते शीर्षकात घ्या. 'पुडाची सांबारवडी' म्हटलं की सांबार हे इडलीबरोबरचं नाही हे ओळखीच्या माणसाला कळतं, अनोळखी माणसाला निदान प्रश्न पडतो. 'कोथिंबीर' हा शब्द वर्णनाच्या पहिल्या वाक्यात येऊ द्या. वर्णनाला 5000 अक्षरांची जागा असली तरी 'अधिक' दाबण्याआधी सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात. म्हणून यादीऐवजी सरळ वाक्य लिहा.

डब्लिनवासी
माझा अनुभव सांगते. माझी मुलं मराठी समजतात पण देवनागरी वाचायला वेळ लागतो. ती शोधतात ते रोमन अक्षरांत आणि कानाला ऐकू येईल तसं. मीही लहानपणीचं काही शोधायचं झालं तर मोबाइलवर रोमनमध्येच टाइप करते. मराठी शीर्षकातच उभी रेघ मारून इंग्रजी जोडलेलं असतं तेव्हा फोनवर पुढचा अर्धा भाग कापला जातो आणि नेमकं इंग्रजीच दिसत नाही.

सबटायटलवाला
यावर उपाय आहे आणि तो फारसा कोणी वापरत नाही. एकाच शीर्षकात दोन भाषा कोंबू नका. व्हिडिओची भाषा आणि शीर्षक-वर्णनाची भाषा, दोन्ही मराठी ठेवा. मग यूट्यूब स्टुडिओत भाषांच्या पानावर इंग्रजी भाषा जोडून तिथे शीर्षक-वर्णन स्वतंत्र लिहा. ज्याचं यूट्यूब इंग्रजीत आहे त्याला इंग्रजी दिसेल, मराठीत आहे त्याला मराठी. शोधातही ते भाषांतरित शीर्षक येऊ शकतं.

फक्त इंग्रजीत 'Sambar' एकटं सोडू नका, तिथे गोंधळ पक्का आहे. लगेच coriander यायला हवं. वहिनींसाठी मी असं करेन:

```
मराठी:  पुडाची सांबारवडी शेतातल्या चुलीवर | आर्वी, विदर्भ
English: Pudachi Vadi: Vidarbha's Fried Coriander Roll
```

मराठी शीर्षक पन्नास अक्षरांच्या आत आहे. मर्यादा 100 ची असली तरी काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही प्रत्येक खूण वेगळी मोजली जाते. 'सांबारवडी' डोळ्याला पाच अक्षरं दिसतात, मोजणीत नऊ भरतात. म्हणून मराठी शीर्षक दिसतं त्याहून लवकर भरतं.

आर्वीची वहिनी
हे आवडलं. पण तुम्ही 'वऱ्हाडी' काढून टाकलंत, ते मुद्दाम का?

सबटायटलवाला
दोन कारणं. एक टंकलेखनाचं. 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी लिहिलं जातं. काही कळफलक ऱ हे स्वतंत्र अक्षर (U+0931), हलन्त आणि ह असं लिहितात. काही साधा र, हलन्त, मध्ये न दिसणारी जोडखूण (U+200D) आणि ह असं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत वेगळे असतात. शब्द कुठल्याही अक्षरमोजणीत टाकून बघा: पहिला 'वऱ्हाडी' सात भरतो, दुसरा आठ. शिवाय जुन्या फॉन्टची सवय असलेले 'व-हाडी' असं मध्ये रेघ देऊन लिहितात, आणि घाईत 'वर्हाडी'ही लिहिलं जातं. शोधयंत्र यांतलं किती एक धरतं ते दरवेळी सारखं नसतं. पाहुणा विंडो उघडून चारही रूपं शोधून पाहा, तुमचा व्हिडिओ कुठे येतो आणि कुठे नाही ते दिसेल. हा शब्द टॅगमध्ये सगळ्या रूपांत टाका, टॅगचं खरं काम हेच. रोमनमध्ये varhadi आणि warhadi दोन्ही.

दुसरं कारण अर्थाचं. वऱ्हाडी म्हणजे लग्नाला आलेली मंडळीसुद्धा. 'वऱ्हाडी जेवण' शोधणाऱ्याला लग्नाच्या पंगतीही दिसतात.

सातारकर
वर्णनातल्या यादीबद्दलचा नियम मला माहीत नव्हता. पण मग प्रदेशाचं नाव शीर्षकात हवंच ना? नुसतं 'आर्वी' कोणाला कळणार?

सबटायटलवाला
म्हणून 'विदर्भ' ठेवलं. गावाचं नाव वर्णनात तालुका-जिल्ह्यासकट लिहा. आमच्याकडे पिंपळखुटा नावाची गावं वर्ध्यात आहेत, अमरावतीत आहेत, अकोल्यातही आहेत. ठिकाणाच्या रकान्यात नुसतं गाव टाकलं तर सुचवलेल्या यादीतून चुकीचं निवडलं जाण्याची शक्यता असते. बाहेरगावी राहणारा माणूस आपल्या गावाचं नाव शोधतो तेव्हा तालुकाही टाकतो.

परतवाड्याचे काका
आनखी एक सांगतो. आर्वी वऱ्हाडात येतच नाई. वर्धा नदी ही वऱ्हाडाची शीव हाय. अमरावती, अकोला, बुलढाना, यवतमाळ अन् आताचं वाशीम, एवढं वऱ्हाड. आर्वी नदीच्या त्या पार, नागपूरकडची. निजामानं 1853 मंदी वऱ्हाड इंग्रजाईले देल्लं, तवा वर्धा जिल्ह्याचा मुलूख त्यात नोता. परतवाड्याचा मानूस वाचन का आर्वीची 'अस्सल वऱ्हाडी' वडी, त तो खाली लिवनच.

आर्वीची वहिनी
काका, नकाशाचं तुमचं खरं आहे. पण नदी ओलांडली की भाषा बदलत नाही ना. माझं माहेर तिवस्याकडचं, म्हणजे नदीपलीकडचं, सासर आर्वीचं. दोन्ही घरी सांबारच म्हणतात, वडीही तशीच करतात. घरात आम्ही बोलतो ती बोली वऱ्हाडीच.

डब्लिनवासी
आम्ही नागपूरचे. घरी त्या जेवणाला कोणी वऱ्हाडी म्हटलेलं मला आठवत नाही. 'आपल्याकडचं' एवढंच म्हणायचो. ते काही शोधाला चालणार नाही, पण माझ्या मुलांना 'विदर्भ' हा शब्द लगेच कळतो, वऱ्हाड समजावून सांगावं लागतं.

आर्वीची वहिनी
जाऊबाईंशी बोलले. वर्णन असं ठरलंय:

```
पुडाची वडी म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली
बेसनाची वडी. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात.
पिंपळखुटा, ता. आर्वी, जि. वर्धा.

00:00 शेतावर पोहोचलो
02:15 सांबार निवडणं, चिरणं
05:40 पारी, सारण आणि पुडी
11:05 कढी आणि पंगत
```

सबटायटलवाला
छान. टप्प्यांची पहिली वेळ 00:00 आहे, तीनपेक्षा जास्त टप्पे आहेत, चढत्या क्रमाने आहेत. प्रत्येक टप्पा किमान दहा सेकंदांचा लागतो, तोही आहे. इंग्रजी वर्णनातही हेच टप्पे इंग्रजीत लिहा.

आर्वीची वहिनी
लिहिते. 'वऱ्हाडी' शीर्षकात नाही, टॅगमध्ये चारही रूपांत टाकलंय. वर्णनात 'वऱ्हाडी बोलीतला शब्द' असं एक वाक्य घालायचं माझ्या मनात आहे, जेवणाला न लावता नुसतं शब्दाला. काका, याला तुमची हरकत आहे का?

परतवाड्याचे काका
शब्दाले वऱ्हाडी म्हना, मी काईच म्हनत नाई. वडीचं पाहा माय तुमी.

विदाप्रेमी
एक शंका. 'विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात' हे सगळ्या विदर्भाला लागू आहे का? गोंदिया-भंडाऱ्याकडे, झाडीबोलीत काय म्हणतात ते तिकडच्या कोणी सांगेल का? नसेल तर वाक्यात 'विदर्भाच्या बऱ्याच भागात' असा बदल करावा.

आर्वीची वहिनी
तसा बदल करून ठेवते. तिकडचं कोणी असेल तर लिहा, व्हिडिओ रविवारी टाकायचा आहे.