प्रश्न ७ चा निकाल आणि ए विंगची ट्रॉफी

अभय सरदेशमुख ए-५०१: नमस्कार. कालच्या प्रश्नमंजूषेबद्दल बोलायचं आहे. प्रश्न ७ मध्ये आमच्या विंगचं उत्तर बरोबर असून गुण मिळाला नाही. बी १२, ए ११. म्हणजे ट्रॉफी त्या एका गुणावर गेली. मिलिंद, उत्तरपत्रिका ग्रुपवर टाक.

शिंदे ए-३०२: प्रश्न ७ रद्द करा.

स्वाती पाटणकर बी-१०२: अभयदादा, निकाल जाहीर झाला तेव्हा टाळ्या तुम्हीही वाजवल्या होत्या 🙏

मिलिंद गोखले सी-३०४: प्रश्न असा होता: "लॉरेल आणि हार्डी. पडद्यावर डावीकडे कोण?" उत्तरपत्रिकेत "डावीकडे लॉरेल". फोटोखाली डावीकडून नावं छापलेली होती, तीच मी उतरवून घेतली. ए विंगने "हार्डी" लिहिलं, म्हणून चूक.

अभय सरदेशमुख ए-५०१: पण पडद्यावर डावीकडे जाडा होता! जाडा म्हणजे हार्डी!

राजेश मोरे बी-४०३: जाड्या-रड्या. पहिला जाड्या, दुसरा रड्या. लॉरेल आणि हार्डी. पहिला लॉरेल, दुसरा हार्डी. म्हणजे जाड्या लॉरेल. हाय काय नि नाय काय 😄

फडके काका ए-१०१: राजेश, इथेच पाय घसरतो. आपल्याकडे जोडीचं नाव उलट्या क्रमाने रुळलं. जाड्या म्हणजे ऑलिव्हर हार्डी, रड्या म्हणजे स्टॅन लॉरेल. नावांच्या क्रमावर भिस्त ठेवली की माणसं हमखास बदलतात.

राजेश मोरे बी-४०३: काका, पुरावा?

फडके काका ए-१०१: हार्डीला नाकाखाली इवलीशी मिशी आहे, लॉरेल सफाचट. हार्डीचा टाय बहुधा लांब, लॉरेलचा बो. टोपीवरून ओळखायला जाऊ नकोस, गोल टोपी दोघांच्याही डोक्यावर असते. हलतं चित्र असेल तर आणखी सोपं. ओशाळला की टायचं टोक बोटांनी फडफडवणारा हार्डी. सगळं अंगाशी आलं की थेट कॅमेऱ्याकडे बघून आपल्यालाच साक्षीला बोलावणारा पण हार्डीच. डोक्यावरचे केस ओढत खाजवणारा आणि चेहरा चुरगाळून रडणारा तो लॉरेल. रड्या नाव त्यावरूनच पडलंय.

शिंदे ए-३०२: म्हणूनच म्हणतो, प्रश्न ७ रद्द करा.

स्वाती पाटणकर बी-१०२: काका, माहिती छान. पण फोटोखाली "डावीकडून लॉरेल, हार्डी" असं छापलेलं असेल, तर डावीकडे लॉरेलच असणार ना? छापणाऱ्यांना कळत नव्हतं का?

अभय सरदेशमुख ए-५०१: पडद्यावर काय दिसत होतं ते सत्तर माणसांनी पाहिलंय.

नाईक सचिव सी-१०१: सर्वांना विनंती, भाषा सौम्य ठेवावी. तसेच उद्या सकाळी टाकी धुणार असल्याने पाणी ९ नंतर येईल.

प्राची सी-२०१: मिलिंददादा, मूळ फोटो आणि ती स्लाइड दोन्ही इथे टाका. मला वेगळीच शंका आहे.

मिलिंद गोखले सी-३०४: 📷 📷

प्राची सी-२०१: बरोबर. स्लाइडवरचा फोटो आरशातला आहे. कोटाचा वरचा खिसा बघा. तो घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर असतो, म्हणजे समोरून बघणाऱ्याला उजवीकडे दिसायला हवा. मूळ फोटोत तसाच आहे, स्लाइडवर मात्र डावीकडे गेलाय. बटणपट्टीही बघा. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. स्लाइडवर दोघांच्याही कोटांत उलट झालंय. एकाचा कोट वेगळा शिवला असेल म्हणू, दोघांचे कसे असतील?

मिलिंद गोखले सी-३०४: मजकूर डावीकडे होता आणि दोघं बाहेरच्या बाजूला बघत होते. ते विचित्र दिसत होतं म्हणून फोटो आडवा फिरवला. अक्षरं तर सरळच होती.

प्राची सी-२०१: हो, कारण फक्त फोटो फिरवला, पूर्ण स्लाइड नाही. प्रोजेक्टरची सेटिंग उलटी असती तर अक्षरंही उलटी दिसली असती आणि लगेच लक्षात आलं असतं. इथे चित्र फिरलं, पण उत्तर मूळ फोटोखालच्या ओळीवरूनच राहिलं. मूळ फोटोत डावीकडे लॉरेल, पडद्यावर डावीकडे हार्डी.

अभय सरदेशमुख ए-५०१: झालं तर मग! ए १२, बी ११. ट्रॉफी संध्याकाळी घ्यायला येतो.

स्वाती पाटणकर बी-१०२: थांबा जरा. आमचा गुण का जावा? आम्ही उत्तरपत्रिकेप्रमाणे लिहिलं. चूक संयोजकांची. फार तर दोघांना गुण द्या, मग १२-१२.

फडके काका ए-१०१: स्वाती, तुमच्या कागदावर नक्की काय लिहिलंय ते महत्त्वाचं. मिलिंद, बघून सांग.

मिलिंद गोखले सी-३०४: बी विंग: "डावीकडे लॉरेल (जाड्या)".

राजेश मोरे बी-४०३: कंस मी लिहिला होता 🙈

फडके काका ए-१०१: तो कंसच घात करतोय. त्यांना डावीकडे जाड्या दिसला, ते बरोबर. जाड्याला त्यांनी लॉरेल म्हटलं, ते चूक. उत्तरपत्रिकेतही डावीकडे लॉरेलच, पण ते फोटो फिरल्यामुळे. दोन वेगवेगळ्या चुका एकाच नावावर येऊन भेटल्या आणि गुण मिळाला. कंस नसता तर बी विंगने मूळ फोटो ओळखला असं तरी म्हणता आलं असतं. आता ती सोय राहिली नाही.

स्वाती पाटणकर बी-१०२: राजेश, तुला कंस घालायला कोणी सांगितलं होतं?

राजेश मोरे बी-४०३: ताई, स्पष्टीकरणाला जादा गुण असतील असं वाटलं.

शिंदे ए-३०२: प्रश्न ७ रद्द करा.

अभय सरदेशमुख ए-५०१: शिंदे, रद्द नको आता! आपलं उत्तर बरोबर आहे!

शिंदे ए-३०२: अच्छा. मग रद्द करू नका.

देसाई काकू बी-३०१: मुळात टीव्हीवरच्या विनोदी जोड्या असा विषय होता ना? हे दोघं सिनेमातले. मग प्रश्नच कसा बसतो?

फडके काका ए-१०१: काकू, मुद्दा रास्त आहे. पण बहुतेकांनी त्यांना टीव्हीवरच पाहिलंय, जुने लघुपट तिथे पुन्हापुन्हा लागायचे. शिवाय १ डिसेंबर १९५४ ला अमेरिकेत 'धिस इज युवर लाइफ' या कार्यक्रमात दोघं एकत्र आले होते. विषयात बसवायला तेवढं पुरे. जाता जाता सांगतो, पडद्यावर जास्त बावळट तो लॉरेल, पण विनोदांची रचना मुख्यतः तोच करायचा. भूमिकेवरून माणूस ओळखायला गेलात तर तिथेही फसाल.

देसाई काकू बी-३०१: मग उत्तरपत्रिका उघडलीच आहे तर प्रश्न ९ पण बघा. "दूरदर्शनच्या मालिकेत गुंड्याभाऊ कोणी केला?" ए विंगने काय लिहिलं होतं?

अभय सरदेशमुख ए-५०१: ९ बद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. विषय ७ चा आहे.

स्वाती पाटणकर बी-१०२: आता आहे तक्रार 🙂 मिलिंददादा, प्लीज.

मिलिंद गोखले सी-३०४: ए विंग: "दिलीप प्रभावळकर". गुण दिलेला दिसतोय. तपासणीला दुसरे लोक होते.

देसाई काकू बी-३०१: प्रभावळकर म्हणजे चिमणराव! गुंड्याभाऊ बाळ कर्वे!

राजेश मोरे बी-४०३: 🔥🔥🔥

फडके काका ए-१०१: काकूंचं बरोबर आहे, आमची विंग असली तरी. चिं. वि. जोशींचा चिमणराव किडकिडीत आणि भित्रा, गुंड्याभाऊ दणकट आणि बेधडक. प्रभावळकरांचा त्या वेळचा बांधा आठवला की शंका उरत नाही. पुढे प्रभावळकरांचं नाव इतकं मोठं झालं की जोडीतल्या कुठल्याही अर्ध्याला लोक त्यांचंच नाव चिकटवतात आणि बाळ कर्वे मागे पडतात. जोडीतला एकच नट आठवत असेल तर आधी तो कोणत्या बाजूचा हे अंगकाठीवरून ठरवावं, मग नाव लिहावं.

कुलकर्णी आजोबा सी-००२: चिमणराव दामूअण्णा मालवणकर यांनी केला होता. गुंड्याभाऊ विष्णुपंत जोग.

फडके काका ए-१०१: आजोबा, तो १९४२ चा 'सरकारी पाहुणे' चित्रपट. तुमचंही बरोबर, पण प्रश्नात दूरदर्शन म्हटलंय. तो एक शब्द नसता तर जोग लिहिणाऱ्यालाही गुण द्यावा लागला असता.

कुलकर्णी आजोबा सी-००२: दामूअण्णांची सर कोणाला नाही.

अभय सरदेशमुख ए-५०१: काका, तुम्ही नक्की कोणत्या विंगमध्ये राहता? 🙏

फडके काका ए-१०१: मेंटेनन्स ए विंगचाच भरतो. वेळेवर.

अभय सरदेशमुख ए-५०१: हे कोणाला उद्देशून होतं?

नाईक सचिव सी-१०१: कृपया वैयक्तिक नको. मिलिंद, एकूण गुण सांगा आणि विषय बंद करा.

मिलिंद गोखले सी-३०४: मूळ गुण ए ११, बी १२. प्रश्न ७ मध्ये ए ला एक मिळाला, बी चा एक गेला. ए १२, बी ११. प्रश्न ९ मध्ये ए चा एक गेला. बी ने "बाळ कर्वे" लिहिलं होतं, तो गुण त्यांच्याकडे आधीच आहे. म्हणजे ११-११.

शिंदे ए-३०२: प्रश्न ९ रद्द करा.

मिलिंद गोखले सी-३०४: बरोबरीसाठी राखीव प्रश्न होता, तो आताच विचारतो. "भाभीजी घर पर हैं मध्ये अंगूरी कोणी केली?"

राजेश मोरे बी-४०३: शुभांगी अत्रे!!!

अभय सरदेशमुख ए-५०१: शिल्पा शिंदे.

राजेश मोरे बी-४०३: मी आधी टाकलं. ट्रॉफी आमच्याकडेच राहिली.

प्राची सी-२०१: दोन्ही बरोबर आहेत. २०१५ ला मालिका सुरू झाली तेव्हा शिल्पा शिंदे होती, २०१६ ला तिच्या जागी शुभांगी अत्रे आली. साल न देता हा प्रश्न विचारताच येत नाही. त्यापेक्षा तिवारी आणि विभूती विचारा, तिथे खरी परीक्षा आहे. दोघं शेजारी, आणि प्रत्येकाचं लक्ष दुसऱ्याच्या बायकोकडे. त्यामुळे कोण कोणाचा नवरा इथेच गोंधळ होतो.

देसाई काकू बी-३०१: तिवारी अंगूरीचा नवरा, बनियनचा धंदा. तो रोहिताश्व गौड. विभूती अनिताचा नवरा, बिनकामाचा. तो आसिफ शेख. कोणाच्या मागे कोण फिरतो ते बघायचंच नाही, कोण कोणाच्या घरात झोपतो ते बघायचं 😄

नाईक सचिव सी-१०१: काकू, ग्रुपवर लहान मुलं आहेत.

मिलिंद गोखले सी-३०४: काकूंनी तो प्रश्नही संपवला. आता राखीव काही उरलं नाही. ११-११ राहू द्या. अभयदादा, बी विंगकडून ट्रॉफी आणायची की सहा-सहा महिने वाटून घ्यायची ते तुम्ही दोघं ठरवा.

स्वाती पाटणकर बी-१०२: पहिले सहा महिने आमचे.

शिंदे ए-३०२: पहिले सहा महिने रद्द करा.