फ्लूची लस: सहा महिन्यांत पुन्हा घ्यायची का? पुण्यात मे बरा की ऑक्टोबर?

कोथरूडकर (मे २०२५)
बाबा ७१ वर्षांचे, मधुमेह आहे. गेल्या नोव्हेंबरात त्यांना फ्लूची लस दिली होती. परवा साखरेचे रिपोर्ट दाखवायला गेलो, तर डॉक्टर म्हणाले, "नवीन स्टॉक आलाय, पावसाआधी टोचून घ्या." बाबा अडून बसलेत. वर्षाची लस म्हणता ना, मग वर्ष तरी होऊ द्या, म्हणतात. त्यात अमेरिकेतली बहीण सांगते की ही लस ऑक्टोबरातच घ्यायची असते. पैशांचा प्रश्न नाही, पण उगाच टोचाटोची नको. कुणाला नीट माहिती आहे का?

नाना_सातारकर
अहो, कशाला दरवर्षी? मी पासष्टी झाल्यावर एकदा घेतली, डॉक्टरांनी स्वतः सांगितलं की आता परत लागणार नाही. छातीचं दुखणं नाही, न्यूमोनिया नाही, मस्त चाललंय.

लॅबवाली
नाना, तुम्ही घेतलीत ती बहुधा न्यूमोकॉकलची लस, न्यूमोनियावरची. तिच्याबाबतीत तुमच्या डॉक्टरांचं बरोबर असू शकतं. तो जिवाणू आहे, फ्लूचा विषाणू वेगळा. फाईलमधलं स्टिकर बघा, नाव कळेल.

कोथरूडकर, नोव्हेंबरातल्या लसीचं खोकं किंवा स्टिकर ठेवलंय का? त्यावर कोणती नावं आहेत ती लिहा. मी बरीच वर्षं घशाचे स्वॅब तपासण्याच्या कामात होते, म्हणून विचारतेय.

सर्दीपडसे
मी घेतली होती. तरी त्या वर्षी चार वेळा नाक गळलं. उलट टोचल्याच्या रात्री कणकण आली. लसच फ्लू देते असं माझं स्पष्ट मत.

लॅबवाली
नाक गळवणारे विषाणू ढिगाने आहेत, ही लस फक्त इन्फ्लुएंझावर. आणि टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे ती फ्लू देऊ शकत नाही. एखादा दिवस दंड दुखणं, अंग कणकणणं होतं. बाकी ती अभेद्य कवच नाही हे मात्र खरं. जुळणी चांगली झालेल्या वर्षीसुद्धा डॉक्टरकडे जायला लावणारा फ्लू साधारण निम्म्यानेच कमी होतो. म्हाताऱ्यांत त्याहून कमी. तरीही मधुमेह्याला द्यायची, कारण त्यांच्यात फ्लू छातीत उतरला की दवाखान्यात भरती व्हायची वेळ येते.

कोथरूडकर
खोकं सापडलं. २०२४-२५, उत्तर गोलार्ध असं लिहिलंय. पुढे व्हिक्टोरिया, थायलंड, ऑस्ट्रिया आणि फुकेत. ही गावांची नावं कशासाठी?

लॅबवाली
लसीतल्या प्रत्येक विषाणूचा नमुना जिथे पहिल्यांदा सापडला त्या जागेचं नाव देतात. आता डॉक्टरांकडे आलेला स्टॉक बघा. दक्षिण गोलार्ध २०२५ असेल, तर व्हिक्टोरिया आणि ऑस्ट्रिया तेच असतील, थायलंडच्या जागी क्रोएशिया दिसेल. म्हणजे एच३एन२ या फ्लूच्या प्रकाराचा घटक बदलला. हाच सगळ्यात जास्त रूप पालटतो. २०२३ च्या लसीत त्याच जागी डार्विन होतं. तीन वर्षांत तीन नावं! ऑस्ट्रिया मात्र कितीतरी वर्षं तिथेच ठाण मांडून आहे.

जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिणेसाठी नावं ठरवते. लस बनून यायला पुढे सहाएक महिने लागतात. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात मिळते ती दक्षिणेची, आणि हिवाळ्याच्या तोंडाशी उत्तरेची.

फुकेत हा यामागाता घराण्यातला. तो विषाणू मार्च २०२० नंतर कुणाला खात्रीने सापडलेलाच नाही. त्यामुळे आता तीन घटकांची लस पुरे, चौथ्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

कोथरूडकर
समजा एकही नाव बदललं नसतं तर? तरी दरवर्षी?

लॅबवाली
तरी हो. हेच बऱ्याच जणांना पटत नाही. प्रतिपिंडं लस घेतल्यावर दोनेक आठवड्यांत वर येतात आणि मग महिन्या-महिन्याने उतरत जातात. वय झालेल्यांत उतार लवकर लागतो. बाबांचंच बघा. नोव्हेंबरात टोचलं, डिसेंबर-जानेवारीत जोर चांगला होता. पण पुण्या-मुंबईत फ्लूचा मोठा भर जुलै ते सप्टेंबर. तोवर आठ-दहा महिने उलटलेले असतील. अमेरिकेत थंडीत साथ येते, म्हणून तुमच्या बहिणीचा ऑक्टोबर तिच्यासाठी बरोबर. आपल्याकडे पावसाळा धरायचा, म्हणजे एप्रिल-मे, फार तर जूनचा पहिला पंधरवडा.

पाटील_चेन्नई
सरसकट मे म्हणू नका. आमच्याकडे मुख्य पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि घरोघरी ताप तेव्हाच. इथले डॉक्टर आम्हाला पावसाळा संपत आला की बोलावतात, तेही उशिरा वाटतं.

लॅबवाली
बरोबर, चेन्नई-वेल्लोरकडे भर ऑक्टोबर-नोव्हेंबरातच दिसतो. तुम्ही सप्टेंबरच्या सुमारास घ्यायला हरकत नाही. श्रीनगर तर पार वेगळं, तिथे साथ जानेवारी ते मार्च. गोलार्ध नकाशावर बघून चालत नाही, आपल्या गावात ताप कधी चढतो ते बघायचं.

मधुरा_न्यूजर्सी
माझा पेच उलटा. आई-बाबा सांगलीहून नोव्हेंबरात इकडे येतायत, मार्चपर्यंत राहतील. मेमध्ये तिकडे घेतली तर इकडच्या थंडीत काय?

लॅबवाली
पावसाळा सांगलीत काढणार असतील तर मेमध्ये तिकडे घेऊ द्या. निघायच्या दोनेक आठवडे आधी त्या वेळी मिळणारी उत्तरेची लस पुन्हा घ्यायची का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. दोन मात्रांत निदान चार आठवड्यांचं अंतर हवं, ते तर सहज आहे.

कोथरूडकर
मग बाबांना आता देऊच का? सहाच महिने झालेत.

लॅबवाली
मी दिली असती. सत्तरी, मधुमेह, पावसाळा तोंडावर आणि एक घटक बदललेला. पण सहा महिन्यांनी पुन्हा द्यावीच असा पक्का नियम नाही, कागदोपत्री "वर्षाला एक" एवढंच. माझ्या ओळखीतले दोन फिजिशियन यावर एकमत नाहीत. एक म्हणतो देऊन मोकळे व्हा, दुसरा फक्त दम्याच्या किंवा किडनीच्या पेशंटलाच देतो. आता दिलीत तर पुढेही दर मेमध्येच देत जा, घडी बसेल.

देताना खोकं तुमच्यासमोर फोडायला सांगा, साल आणि एक्स्पायरी वाचा. केमिस्टकडून स्वतः आणणार असाल तर थंड पिशवीतून आणा, पण बर्फाला चिकटवू नका. गोठलेली लस बाद.

ओवीचीआई
मध्येच विचारते. मुलगी दीड वर्षाची, पहिल्यांदाच देणार. डॉक्टर दोन वेळा या म्हणतात. दुकानदारी तर नाही ना?

लॅबवाली
नाही. लहान मुलांना पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, पुढच्या वर्षापासून एक. तुम्ही तर आजच फोन करा. पहिली मेअखेर गेली तर दुसरी जूनअखेर, म्हणजे पाऊस सुरूच झालेला असेल.

नाना_सातारकर
स्टिकर पाहिलं. न्यूमोकॉकलच आहे. आता फ्लूची वेगळी घ्यायची म्हणता? सौ. हसतेय.

कोथरूडकर
बाबांना वाचून दाखवलं. शनिवारी जातो म्हणाले, पण खोकं आधी स्वतः बघणार. क्रोएशिया नसेल तर परत येणार म्हणे.